यादी लिहूनही अपुरी कामे रात्री का छळतात?

प्रश्न : मी खानापूर तालुक्यातला, उद्यमबागेत एका मशीन शॉपमध्ये क्वालिटीचं काम बघतो. दिवसभर काही आठवत नाही, पण रात्री दोन-अडीचला जाग आली की वडिलांच्या पश्चात उताऱ्यावर वारसा चढवायचा राहिलाय, मुलीचं एसएसएलसीनंतर काय करायचं, कंपनीत होल्डवर पडलेला माल, सगळं एकदम डोक्यात घोळायला लागतं. एकाने सांगितलं म्हणून वहीत यादी लिहिली, तर ती बघून उलट जास्तच धडधडतं. अपुरी कामं अशी पाठ का सोडत नाहीत? आणि लिहूनही डोकं शांत होत नसेल तर करायचं काय?

उत्तर : तुम्ही लिहिली ती यादी आहे, मनाला हवा असतो तो बेत. यादीमुळे काम विसरले जात नाही एवढेच साधते, पण ते पुन्हा हातात केव्हा, कुठे आणि कोणत्या टोकाने घ्यायचे हे ठरत नाही, आणि रात्री दोन वाजता मन जे उकरून काढते ते नेमके हे न ठरलेलेच असते. काम पुरे होईपर्यंत हा त्रास सोसलाच पाहिजे असे मात्र नाही. काम तसेच अर्धे पडलेले असताना, केवळ त्याचा नेमका बेत ठरल्याने मनातले घोळणे बरेच कमी होते, हे प्रयोगांत दिसलेले आहे आणि बेळगावात समुपदेशनाचे काम करताना मीही वर्षानुवर्षे पाहत आलो आहे. हे का होते ते आधी सांगतो, कारण ते लक्षात आल्याशिवाय बेत कसा लिहावा हे नीट कळत नाही.

या विषयाची सुरुवात बर्लिनमध्ये झाली. तेथे कुर्ट लेविन या मानसशास्त्रज्ञाच्या हाताखाली ब्लूमा झायगार्निक ही विद्यार्थिनी काम करीत होती. तिने प्रयोगाला आलेल्या लोकांना मातीच्या आकृती करणे, मणी ओवणे, कोडी सोडवणे अशी वीसेक लहान कामे दिली, त्यांतली निम्मी पुरी होऊ दिली आणि निम्मी ऐन रंगात आली असताना मध्येच थांबवली. नंतर कोणकोणती कामे केली ते आठवून सांगा, असे विचारल्यावर लोकांना अर्धी राहिलेली कामे पुऱ्या झालेल्यांच्या जवळजवळ दुप्पट आठवली. तिचा निबंध 1927 मध्ये प्रसिद्ध झाला आणि ‘अपुरे काम जास्त लक्षात राहते’ हे वाक्य तेव्हापासून पुस्तकापुस्तकांतून फिरत आहे. त्यामागे लेविनचे म्हणणे असे होते की, काम करायचे ठरवले की मनात एक ताण उभा राहतो आणि काम पुरे झाल्यावरच तो उतरतो.

त्याच गटातली दुसरी विद्यार्थिनी मारिया ओव्सियांकिना हिचा 1928 चा प्रयोग इतका गाजला नाही, पण तुमच्या प्रश्नाच्या दृष्टीने तोच अधिक मोलाचा आहे. तिनेही लोकांची कामे मध्येच थांबवली, पण आठवते का हे विचारण्याऐवजी त्यांना थोडा वेळ मोकळे सोडले आणि ते काय करतात ते पाहिले. कोणीही सांगितलेले नसताना, करून काही मिळणार नसताना, बहुतेक लोक थांबवलेल्या कामाकडे वळून ते पुढे करू लागले. पुढच्या शंभर वर्षांत दोन्ही प्रयोग अनेकांनी पुन्हा करून पाहिले. 2025 मध्ये अशा सगळ्या प्रयोगांचा एकत्र आढावा प्रसिद्ध झाला, त्यात अपुरे काम जास्त आठवते हा झायगार्निकचा निष्कर्ष टिकला नाही, मात्र अपुऱ्या कामाकडे परत वळण्याची ओढ स्पष्टपणे टिकून राहिली.

आता हे तुमच्या वहीला लावून पाहा. रात्री मन तुम्हाला ‘उताऱ्याचे काम राहिले आहे’ ही माहिती पुरवत नसते, ती तर तुम्हाला ठाऊकच आहे. ते तुम्हाला त्या कामाकडे परत ओढत असते. स्मरणाची अडचण असती तर लिहून ठेवताच ती संपली असती. ओढ मात्र लिहिल्याने संपत नाही, कारण परत कधी आणि कसे वळायचे याचे उत्तर यादीत कुठेच नसते. उलट तीन कामांची नावे एकाखाली एक लिहिली की तीनही ओढी एकदम डोळ्यांसमोर येतात, आणि म्हणून यादी पाहून धडधडते. दिवसा यंत्रांच्या आवाजात, माणसांच्या ये-जेत हातातले काम लक्ष धरून ठेवते, तेव्हा ही ओढ दबून असते. रात्री लक्ष धरून ठेवायला काही नसते आणि त्या वेळी कचेरीही उघडी नसते, म्हणजे ओढ आहे पण वळायला वाट नाही, अशी स्थिती होते. मनाला वेळेचे भान नसते, हे त्याचे वैगुण्य धरून चालावे लागते.

या ओढीला शांत करण्यासाठी काम पुरे करणे हा एकच मार्ग आहे का, हे अमेरिकेतील मासिकांपो आणि बाउमाइस्टर या दोघांनी तपासले आणि 2011 मध्ये प्रसिद्ध केले. त्यांनी लोकांना आपली महत्त्वाची अपुरी कामे आठवायला लावली आणि मग कादंबरीतली काही पाने वाचायला दिली. ज्यांनी कामे फक्त आठवली होती, त्यांचे लक्ष वाचताना पुन्हा पुन्हा त्या कामांकडे जात राहिले. ज्यांना ती कामे केव्हा आणि कशी पुरी करणार याचा नेमका बेत लिहायला सांगितला होता, त्यांचे लक्ष बरेच कमी विचलित झाले, जरी त्यांचे काम तसूभरही पुढे सरकलेले नव्हते. शिवाय बेत जितका मनापासून केलेला, तितके वाचताना लक्ष अधिक टिकलेले, असेही त्यात आढळले. उधारी वसूल करायला दारात आलेला दुकानदार ‘देतो, देतो’ म्हटल्याने उठत नाही, पण ‘गुरुवारी पगार होतो, त्या दिवशी संध्याकाळी दुकानावर आणून देतो’ असे म्हटले आणि तुमच्या शब्दाला आजवर किंमत असली, तर पैसे न मिळताही तो उठून जातो. मनाचे वागणे पुष्कळसे असेच आहे, आणि त्यातली शब्दाची किंमत ही अट विसरून चालत नाही.

नेमका बेत म्हणजे काय, यावर पेटर गोलविट्झर या जर्मन मानसशास्त्रज्ञाने 1990 च्या दशकापासून बरेच काम केले आहे. त्याच्या मते ‘मी हे करणार’ हा नुसता इरादा झाला. ‘अमुक वेळ किंवा अमुक प्रसंग आला की मी अमुक कृती करणार’ अशी जर-तरची जोडणी केली की तो बेत होतो. या जोडणीत आठवण ठेवण्याची जबाबदारी मनावरून उतरून त्या प्रसंगावर जाते. शुक्रवारी रात्री जेवण झाले की कागदांची पिशवी भरायची, असे ठरले तर शुक्रवारचे जेवणच आठवण करून देते, मंगळवारी मध्यरात्री मनाने ती करून देण्याचे कारण उरत नाही.

झोपेशी थेट संबंध असलेला एक लहान प्रयोग अमेरिकेतील बेलर विद्यापीठात झाला आणि 2018 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात 57 तरुणांपैकी काहींनी झोपण्यापूर्वी 5 मिनिटे पुढच्या काही दिवसांत करायची कामे लिहिली, तर इतरांनी मागच्या काही दिवसांत पुरी झालेली कामे लिहिली. करायची कामे लिहिणाऱ्यांना सरासरी 9 मिनिटे लवकर झोप लागली, आणि त्यांच्यातही ज्यांचे लिखाण अधिक तपशीलवार होते त्यांना आणखी लवकर लागली. मग यादीचा उपयोग होतोच की, असे तुम्ही म्हणाल. पण त्यातला ‘तपशीलवार’ हा शब्द सोडू नका. आणि हेही खरे की तो एका रात्रीचा, निरोगी तरुणांवरचा प्रयोग होता. तुमची तक्रार पहिली झोप लागण्याची नाही, मध्यरात्री जाग येण्याची आहे. त्यामुळे 9 मिनिटांचा आकडा तुमच्यावर जसाच्या तसा बसवू नये.

आता तुमच्या वहीतली पहिली ओळ घेऊ. ‘उताऱ्यावर वारसा चढवणे’ हे काम म्हणून लिहिले असले तरी ते एका बैठकीत करता येणारे काम नाही. वडिलांच्या मृत्यूचा दाखला, घराण्याची वंशावळ, जमिनीचा चालू उतारा, सगळ्या वारसांची आधारकार्डे, मग कचेरीत ज्याला पौती खाते म्हणतात त्याचा अर्ज, तलाठ्यांची चौकशी, नोटीस आणि शेवटी नोंद, एवढी साखळी त्या तीन शब्दांत दडलेली आहे. मन या तीन शब्दांकडे पाहते तेव्हा त्याला पकडायला टोक सापडत नाही. म्हणून बेताची पहिली पायरी अशी की, साखळीतली जी कडी आज तुमच्या एकट्याच्या हातात आहे आणि एका बैठकीत संपते, तेवढीच शोधायची. घरात पाहिल्यावर मृत्यूचा दाखला आणि उतारा आहेत, वंशावळ नाही, असे निघाले असे धरू. मग काम ‘वारसा चढवणे’ हे न राहता ‘होबळीच्या नाडकचेरीत वंशावळीचा अर्ज देणे’ एवढे होते.

पण इथे थांबून आणखी एक पाहावे लागते, आणि माझ्या अनुभवात खरी गाठ बहुधा इथेच सापडते. तुमच्यासारखा कामाचा माणूस, ज्याला ऑडिटची कागदपत्रे तयार ठेवण्याची सवय आहे, तो एका अर्जासाठी इतके महिने का थांबला? वारशाच्या कामात अनेकदा असे असते की, कागदाचे काम अडलेले नसते, बोलण्याचे अडलेले असते. बहिणीचेही नाव वारस म्हणून लागणार. तिने पुढे हक्क सोडायचा की नाव तसेच ठेवायचे, वाटणीचे आत्ता बोलायचे की सगळ्यांची नावे लागल्यावर, ती चंदगडला किंवा गडहिंग्लजला दिलेली असेल तर सही-अंगठ्यासाठी तिला केव्हा बोलवायचे आणि मेहुण्यांना काय वाटेल, हे सगळे त्या तीन शब्दांच्या पोटात असते. करायचे राहिलेले काम वेगळे आणि ठरवायचे राहिलेले वेगळे. जे ठरलेलेच नाही त्याच्या कृतीचा बेत कितीही बारकाईने लिहिला तरी मन त्याच्यावर विश्वास ठेवत नाही, आणि बहिणीशी काय बोलायचे ही उजळणी रात्री चालूच राहते. तुमच्या घरात असे काही असेल तर पहिला बेत नाडकचेरीचा नको, बोलण्याचा हवा.

तो असा लिहावा : “या रविवारी सकाळी चहा-नाश्ता झाला की थोरल्या दादाच्या घरी जायचे. ताईला तिथूनच, दादासमोर फोन लावायचा. आधी एवढेच बोलायचे की सगळ्यांची नावे लावून घेतो, वाटणीचे नंतर सगळे बसून बोलू. तुला चालेल का? ती विचार करून सांगते म्हणाली, तर पुढच्या रविवारी याच वेळी मीच पुन्हा फोन करीन, असे तिलाच सांगून ठेवायचे.” यात वेळ आहे, जागा आहे, पहिले वाक्य आहे, आणि गोष्ट मनासारखी न घडल्यास काय करायचे तेही आहे. वाटणीचा प्रश्न यात सुटलेला नाही आणि सुटावा अशी अपेक्षाही नाही. तो कोणत्या दिवशी हातात घ्यायचा एवढे मात्र ठरले.

ताईचा होकार आल्यावर दुसरा बेत : “महिन्याच्या पहिल्या शनिवारी सकाळी साडेदहाला नाडकचेरीत वंशावळीचा अर्ज द्यायचा. त्या दिवसाची अर्धी रजा सोमवारीच टाकायची. शुक्रवारी रात्री जेवण झाले की मृत्यूचा दाखला, उतारा, आधारच्या प्रती पिशवीत घालून पिशवी गाडीच्या डिकीत ठेवायची. अर्ज कन्नडमध्ये भरायला शेजारचा अमुक येणार आहे. त्याला गुरुवारी संध्याकाळी आठवण द्यायची. संबंधित माणूस भेटला नाही, तर तो कोणत्या वारी असतो ते विचारून तिथेच नवा वार वहीत लिहायचा.” आपल्याकडे दुसऱ्या आणि चौथ्या शनिवारी सरकारी कचेऱ्या बंद असतात, हे तुम्हाला माहीत असूनही ‘एखाद्या शनिवारी जाऊन येईन’ असे मोघम ठरवले तर नेमक्या बंदच्या दिवशी फेरा पडतो. अर्ज कन्नडमध्ये भरण्याची अडचणही अशीच. सीमाभागातल्या मराठी माणसाची सरकारी कामे पुष्कळदा या एका गोष्टीवर महिनोन्‌महिने रेंगाळतात, आणि तो स्वतःला आळशी समजत राहतो. भरून देणाऱ्या माणसाचे नाव बेतात आले की ती अडचण मोठी उरत नाही.

अर्ज दिल्यानंतर काही दिवस असे येतात की काम अपुरे आहे आणि तुमच्या हातात काहीच नाही. तेव्हा ओढ पुन्हा डोके वर काढते. पोचपावती मोबाइलमध्ये फोटो काढून ठेवावी, आणि चौकशीला कधी जायचे ती तारीख त्याच दिवशी लिहावी. त्या तारखेपर्यंत न पाहणे हाच त्या दिवसांचा बेत. मध्येच ‘एकदा विचारून बघू का’ असे वाटले, तर तारीख वाचावी आणि वही मिटावी.

बेत नीट झाला की नाही हे कसे ओळखायचे, असा पुढचा प्रश्न येतो. याला प्रयोगाचा आधार नाही, पण माझ्याकडे येणाऱ्या लोकांना मी एक गोष्ट पाहायला सांगतो आणि ती उपयोगी पडते. काम रात्री मनात आले, तर ते कोणता प्रश्न घेऊन आले ते पाहावे. ‘विसरणार तर नाही ना?’ असा प्रश्न असेल तर बेत अशा जागी लिहिलेला आहे जिथे तुमची नजर रोज जात नाही. ‘कधी जमणार?’ असा असेल तर वेळ मोघम राहिली आहे. ‘कसे होणार हे सगळे?’ असा असेल तर पहिली पायरी अजून फार मोठी आहे, किंवा ती कोणती हेच तुम्हाला माहीत नाही, मग ‘माहीत असलेल्याला विचारणे’ हीच पहिली पायरी. आणि ‘ती काय म्हणेल?’ असा असेल तर निर्णय किंवा बोलणे बाकी आहे. ज्या प्रश्नाने जाग आली त्याचे उत्तर तेवढे दुसऱ्या दिवशी बेतात घालायचे. सगळा बेत नव्याने लिहीत बसण्याची गरज नाही.

होल्डवर पडलेल्या मालाचे काम वेगळ्या जातीचे आहे. तिथे निर्णयाचा गुंता नाही, फक्त पाळी संपली म्हणून काम मध्येच तुटलेले असते. एका कामातून उठून दुसरे हातात घेतले तरी पहिल्याचा काही अंश लक्षाला चिकटून राहतो, हे सोफी लरॉय या संशोधिकेने 2009 मध्ये दाखवले. पुढे 2018 मध्ये तिने आणि थेरेसा ग्लोम यांनी असे दाखवले की, उठण्यापूर्वी मिनिटभरात ‘कुठवर आलो आणि परत आल्यावर पहिले काय करायचे’ एवढे लिहिले तर तो चिकटलेला अंश बराच कमी होतो. समजा हाउसिंगच्या एका लॉटमध्ये बोअर मोठा निघाला, प्लग गेजची नो-गो बाजू आत जाते आहे आणि लॉटला लाल टॅग लावून तुम्ही निघालात. निघताना टॅगच्या मागेच लिहा : “उद्या पाळी सुरू होताच, ऑपरेटरला काही विचारण्याआधी, लॉटमधले पहिले पाच आणि शेवटचे पाच नग बोअर गेजने मोजणे. पहिल्यापासूनच मोठे असतील तर सेटिंग पाहणे. शेवटचेच मोठे असतील तर मध्ये ऑफसेट कोणी बदलला ते पाहणे.” तपास यात काहीच झालेला नाही, पण तो कुठून सुरू करायचा हे ठरले, आणि घरी नेण्यासारखे त्यात काही उरले नाही. नोकरदारांवरच्या एका अभ्यासात असेही आढळले आहे की, दिवसाअखेर अपुऱ्या कामाचे केव्हा-कुठे-कसे लिहिण्याचा फायदा विशेषतः त्यांना होतो, ज्यांचा जीव कामात फार गुंतलेला असतो. रात्री अडीचला होल्डचा माल आठवणारा माणूस त्यांतलाच म्हणायचा.

मुलीच्या शिक्षणाबद्दल मात्र मी तुम्हाला आत्ता बेत करायला सांगणार नाही. निकाल लागलेला नाही, सायन्स की कॉमर्स हे तिने ठरवायचे आहे, आणि पीयूसीला बेळगावात ठेवायचे की आणखी कुठे हे त्यानंतरचे. जिथे तुमच्या हातात कृतीच नाही, तिथे बेत लिहायला बसले की नुसत्या शक्यतांची उजळणी होते, आणि ती काळजी वाढवते. अशा गोष्टीला फक्त तारीख द्यावी : “निकालानंतरच्या पहिल्या रविवारी, तिला घेऊन तिघांनी बसायचे.” त्याआधी तिच्याशी सहज बोलणे झाले तर व्हावे, पण रात्री एकट्याने तिच्या वतीने ठरवत बसू नये.

याला आणखी एक कारण आहे. एका कामाचा जर-तरचा बेत फार उपयोगी पडतो, पण एकाच वेळी अनेक कामांचे बेत केले तर तो उपयोग घटतो, असे 2012 मध्ये प्रसिद्ध झालेल्या डाल्टन आणि स्पिलर यांच्या अभ्यासात दिसले. सगळे बेत एकत्र वाचताना हे सारे एका माणसाला झेपण्यासारखे नाही हे उघड होते आणि प्रत्येकावरचे मन उडते. तुमचा आधीचा अनुभव, यादी पाहून धडधडण्याचा, याच्याच जवळचा आहे. म्हणून एका वेळी दोन बेत चालू ठेवावेत, फार तर तीन, आणि उरलेल्या कामांसाठी मिळून आठवड्याची एक ठरलेली वेळ असावी, त्या वेळी वही उघडून पुढचा बेत कोणाचा ते पाहावे. त्या बैठकीत एखादे काम करायचेच नाही असेही ठरवता येते, आणि तसे ठरवून त्यावर रेघ मारली की तेही मिटते. वर्षभर ‘करायचे आहे’ म्हणून ओढत आणलेली कामे बहुधा याच लायकीची असतात.

लिहिण्याची वेळ रात्रीच्या जेवणानंतरची ठेवा. अंथरुणावर पडून लिहू नका, आणि मोबाइलवर तर नकोच, कारण बेत लिहायला उघडलेला मोबाइल कंपनीच्या ग्रुपवरचे निरोप दाखवल्याशिवाय बंद होत नाही. मध्यरात्री जाग आलीच आणि काही नवे सुचले, तर उशाजवळच्या कागदावर एक ओळ लिहून ठेवावी. तिचा बेत सकाळी करावा.

बेत मोडला तर काय, हेही सांगायला हवे, कारण तो मोडणारच. रविवारी पाहुणे येतील, शनिवारी नाडकचेरीत सर्व्हर बंद असेल. एकदा मोडला तर त्याच दिवशी झोपण्यापूर्वी नवी वेळ लिहावी. तोच बेत त्याच शब्दांत दुसऱ्यांदा मोडला तर मात्र नुसती तारीख पुढे ढकलू नये. दुसऱ्यांदा मोडलेला बेत मनाला खोटा वाटू लागतो, आणि मग कितीही सुबक लिहिले तरी घोळणे थांबत नाही. तेव्हा पायरी अर्धी करावी, वेळ बदलावी किंवा सोबत कोणाला तरी घ्यावे. फोन करायला जड जात असेल तर आधी नुसते दादाच्या घरी जाऊन बसायचे, फोन नाही, इतकी लहान पायरीसुद्धा चालते, फक्त ती पाळली गेली पाहिजे.

शेवटी, हा उपाय ज्या जागरणावर चालत नाही ते ओळखावे. जाग आल्यावर मनात कोणतेही नेमके काम नसेल, नुसती धाकधूक असेल. पहाटे फार लवकर जाग येऊन उदास वाटत असेल आणि दिवसाही कशात मन लागत नसेल. किंवा आठवड्यातून तीन किंवा अधिक रात्री झोप बिघडण्याचा प्रकार तीन महिने चालला असेल, तर बेत लिहिण्यात आणखी आठवडे घालवू नयेत, डॉक्टरांना दाखवावे. पाळी बदलत असेल तर तेही सांगावे, आणि जाण्यापूर्वी दोन आठवडे रोज एवढे टिपून न्यावे : दिवे किती वाजता मालवले, जाग किती वाजता आली, पुन्हा झोप लागायला साधारण किती वेळ गेला, संध्याकाळनंतर चहा किती झाला आणि दुपारी डुलकी घेतली का. डॉक्टर पहिल्याच भेटीत हेच विचारतील.